कफवर 192, धमनीत 146: एका वृद्ध रुग्णाच्या फसव्या उच्च रक्तदाबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 78 वर्षांच्या एक बाई होत्या. वॉर्डात सगळे त्यांना आजी म्हणत, म्हणून इथेही तसाच उल्लेख करतो. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. मोजमापे मात्र प्रकरणाच्या ओघाला धरून आहेत. आजींना पंचवीसेक वर्षांपासून मधुमेह होता आणि नऊ वर्षांपासून उच्च रक्तदाबाची नोंद होती. या नऊ वर्षांत वरचा दाब 170 च्या खाली गेल्याची नोंद क्वचितच सापडत होती. एका औषधाने दाब उतरला नाही म्हणून दुसरे आले, दुसऱ्याने भागले नाही म्हणून तिसरे. दाखल झाल्या तेव्हा त्या अॅम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन 80 मिलिग्रॅम, क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम आणि दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेले क्लोनिडिन 0.1 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी चार औषधे घेत होत्या.

त्यांची मुलगी घरी रोज सकाळ-संध्याकाळ दाब मोजून वहीत लिहीत असे. तिने आपणहून त्या वहीत एक तिसरा रकाना आखला होता आणि त्यात आईला कधी काय होते ते लिहिले होते. एका पानावर सकाळी आठ वाजता 188/96 अशी नोंद होती आणि तिच्यासमोर लिहिले होते, ‘साडेनऊला बाथरूमकडे जाताना भिंत धरली, डोळ्यांपुढे अंधारी, घाम’. पुढच्या काही पानांवरही हाच क्रम दिसत होता. आकडा उंच, आणि तक्रार मात्र दाब कमी झाल्यावर होते तशी. पुढे जे उलगडले त्याची पहिली खूण या वहीतच होती.

अडचण

आजी घरात पडल्या, उजव्या मनगटाला सूज आली आणि हाड मोडले असावे या शंकेने त्यांना आणले गेले. हाड शाबूत होते. दाखल करताना कफने, म्हणजे दंडाला गुंडाळून फुगवायच्या पट्टीने, मोजलेला दाब 194/100 भरला. रक्ततपासणीत सोडियम 127 आले. क्रिएटिनिन 1.6 होते, चार महिन्यांपूर्वीच्या अहवालात तेच 1.0 होते. म्हणजे मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नव्हते आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाने सोडियम खाली ओढले होते, असे मानायला जागा होती.

दाखल करून घेणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरांनी आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, गोळ्या घेतल्या की तासाभरात पायांतलं बळच जातं. झोपून राहिलं की बरं वाटतं. पण मशीन म्हणतं दाब वाढलाय, म्हणून आम्ही गोळी चुकवत नाही.”

प्रश्न असा होता की 194 हा आकडा खरा मानून पाचवे औषध द्यायचे, की चक्कर, पडणे आणि बिघडलेली मूत्रपिंडे खरी मानून आहेत ती औषधे कमी करायची. दोन्ही एकाच वेळी खरे मानले तर पुढचे पाऊल टाकताच येत नव्हते.

न जुळणाऱ्या गोष्टी

पहिली न जुळणारी गोष्ट मनगटाच्या क्ष-किरण चित्रात दिसली. हाड पाहण्यासाठी काढलेल्या त्या चित्रात मनगटाच्या दोन्ही धमन्या रुळांच्या जोडीसारख्या समांतर पांढऱ्या रेषांनी स्पष्ट उमटल्या होत्या. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात धमनी दिसत नाही. ती दिसते याचाच अर्थ तिच्या भिंतीत कॅल्शियम साचले आहे. भिंतीच्या मधल्या थरात होणाऱ्या या कॅल्सिफिकेशनचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान मोंकेबर्ग यांनी 1903 मध्ये केले होते आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वाढते वय, दीर्घकाळचा मधुमेह आणि मूत्रपिंडांचा जुनाट आजार या तीन परिस्थितींत ते विशेष आढळते. चरबीचे थर साचून धमनी आतून अरुंद होते तो विकार वेगळा. इथे आतला मार्ग मोकळा राहतो, नाडी चांगली लागते, फक्त भिंत दबत नाही. त्यामुळे नुसत्या तपासणीत शंका येण्याचे कारण नसते.

ही भिंत न दबणे हेच चुकीच्या आकड्याचे मूळ आहे. कफने दाब मोजण्यामागे एक गृहीतक आहे: धमनी बाहेरून दाबून बंद करायला जेवढा दाब लागतो, तेवढाच दाब आत रक्ताचा असतो. धमनीची भिंत मऊ असेल तर भिंतीचा स्वतःचा विरोध नगण्य असतो आणि गृहीतक चालून जाते. भिंत कडक झाली की कफला रक्ताच्या दाबावर तर मात करावी लागतेच, शिवाय भिंत वाकवण्यासाठीही जास्तीचा दाब द्यावा लागतो. ही बेरीज काट्यावर किंवा पडद्यावर एकच आकडा म्हणून उमटते आणि आपण ती सगळी रक्तदाब म्हणून लिहून घेतो. स्वयंचलित यंत्र आवाज ऐकत नाही, कफमधली स्पंदने वाचते. पण तेही त्याच भिंतीतून वाचत असल्याने त्याचीही सुटका होत नाही.

दुसरी गोष्ट हृदयाची. वरचा दाब नऊ वर्षे 170 च्या वर राहिला असेल तर डाव्या कप्प्याची भिंत जाड व्हायला हवी. ईसीजीमध्ये तसे काहीच नव्हते. इकोमध्ये भिंतीची जाडी 10 मिलिमीटर, म्हणजे सामान्य मर्यादेत होती. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे जुने किरकोळ बदल होते, पण दीर्घकाळच्या उच्च दाबाने पडद्यावरच्या धमन्यांत जे बदल दिसतात ते नव्हते. लघवीत अल्ब्युमिन नव्हते. यातली एखादीच गोष्ट असती तर ती बाजूला ठेवता आली असती, कारण काही जणांत उच्च दाबाच्या खुणा उशिरा उमटतात. हृदय, डोळे आणि लघवी तिन्ही एकच सांगत असताना मात्र आकड्यावर शंका घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट खालच्या दाबाची, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. वयाबरोबर मोठ्या धमन्या ताठर होतात तेव्हा सहसा वरचा दाब वाढतो आणि खालचा उतरतो. 78 व्या वर्षी 180/70 हे चित्र नेहमीचे आहे. याच वयात वर्षानुवर्षे खालचा दाब 96 ते 100 राहत असेल आणि अवयवांवर त्याचा काहीच मागमूस नसेल, तर विचारात पडायला हवे. कडक धमनीवर कफ वरचा आणि खालचा, दोन्ही दाब फुगवून दाखवू शकतो. यावरून निदान करता येत नाही, पण मला ही खूण मोलाची वाटते, कारण ती पाहायला जुन्या नोंदींशिवाय काहीच लागत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

आधी नेहमीच्या चुका वगळल्या. दंडाचा घेर 27 सेंटिमीटर होता आणि कफ त्याला साजेसा होता. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून पुन्हा मोजले. उजव्या दंडावर 194/100 आणि डाव्यावर 190/98 आले.

सर्वांत सोपी शंका डॉक्टरांसमोर दाब वाढण्याची होती. उंच आकडे आणि निरोगी अवयव या जोडीचे तेच सर्वाधिक आढळणारे कारण आहे, त्यामुळे ते आधी तपासणे योग्यच होते. घरची वही त्याविरुद्ध बोलत होती, तरी चोवीस तासांचे मोजमाप लावले. जागेपणीची सरासरी 186/95 आली. त्यावरून भीतीने वाढणारा दाब हे कारण निकालात निघाले, पण त्यापलीकडे काही सिद्ध झाले नाही. चोवीस तासांचे यंत्रही दंडावरच्या कफनेच मोजते. कफचीच पद्धत सदोष असेल, तर तीच चूक ते दिवसभर पुन्हा पुन्हा नोंदवते. ‘चोवीस तासांच्या तपासणीत उच्च रक्तदाब निश्चित झाला’ असे वाक्य अहवालात होते. ते जसेच्या तसे स्वीकारले असते तर प्रकरण तिथेच चुकीच्या वाटेला लागले असते.

मग ऑस्लर यांची चाचणी केली. विल्यम ऑस्लर यांनी 1892 मध्ये कडक धमनी बोटाने ओळखण्याबद्दल लिहिले होते. आजची रीत अशी: कफ वरच्या दाबापेक्षा अधिक फुगवायचा, म्हणजे मनगटातली नाडी थांबते. स्पंदन नसतानाही धमनी बोटाखाली दोरीसारखी घट्ट लागली तर चाचणी सकारात्मक. मेसेर्ली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अशा रुग्णांत कफचा दाब धमनीतल्या प्रत्यक्ष दाबाशी ताडून पाहिला, तेव्हा कफने 10 ते 54 मिमी इतका जास्त दाब दाखवल्याचे आढळले. त्यानंतर या चाचणीचा बराच गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत मात्र तिच्या मर्यादा दिसल्या. दोन डॉक्टरांचे एकाच रुग्णाबद्दल एकमत होत नाही, चाचणी सकारात्मक असूनही कफ बरोबर निघतो, आणि नकारात्मक असूनही चुकतो. आजींच्या उजव्या हाताला सूज असल्याने चाचणी डाव्या हातावर केली. दोघांनी वेगवेगळी केली. एकाला धमनी स्पष्ट लागली, दुसऱ्याला खात्री वाटेना. निर्णय यावर टेकवणे शक्य नव्हते.

आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक, लक्षणांवर भिस्त ठेवून औषधे एकेक करून उतरवायची. दोन, धमनीत नळी घालून दाब थेट मोजायचा. पहिली वाट कमी धोक्याची दिसते आणि थेट मोजणीची सोय नसेल तिथे तीच धरावी, असे माझे मत आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही: कडक धमन्या असलेल्या बहुतेक वृद्धांना खरोखरच उच्च रक्तदाब असतो. किंबहुना सरासरी पाहिली तर कफ वरचा दाब धमनीतल्या दाबापेक्षा थोडा कमीच दाखवतो. फसवा उच्च रक्तदाब हा अपवाद आहे. केवळ क्ष-किरणात कॅल्शियम दिसले म्हणून चार औषधे सोडवली आणि दाब खरा निघाला, तर पक्षाघाताची किंमत मोजावी लागेल. दुसऱ्या बाजूला धमनीतल्या नळीमुळे रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी होऊ शकते, हाताचा रक्तपुरवठा अडू शकतो. आजी आधीच दाखल होत्या, निरीक्षण कक्षात जागा होती आणि निर्णय चार औषधांचा होता. मुलीशी आणि आजींशी बोलून थेट मोजणी ठरवली.

मोजणी

सुजलेला उजवा हात टाळून डाव्या मनगटाची धमनी निवडली. दुसऱ्या धमनीतून हाताला पुरेसे रक्त मिळते याची आधी खात्री केली. डॉपलरने खांद्यापासून मनगटापर्यंतचा प्रवाह पाहिला. ही पायरी गाळता येत नाही. वर कुठे धमनी अरुंद असेल तर मनगटातला दाब खोटा कमी दिसतो आणि आपण एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर जातो. प्रवाह सगळीकडे मोकळा होता. भिंत कडक असल्याने सुई आत जायला त्रास झाला आणि सोनोग्राफीची मदत घ्यावी लागली.

दाबमापक हृदयाच्या पातळीवर आणून शून्य केला. नंतर द्रवाचा जोरदार झोत सोडून लगेच बंद केला आणि पडद्यावरची रेषा एक-दोन छोटे हेलकावे घेऊन स्थिरावते का ते पाहिले. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर लाट बोथट होते, वरचा दाब खोटा कमी आणि खालचा खोटा जास्त दिसतो. रेषा जशी हवी तशीच स्थिरावली.

उताण्या स्थितीत धमनीतला दाब 146/64 होता. त्याच मिनिटाला उजव्या दंडावरच्या कफने 192/98 दाखवले. कफ डाव्या दंडावर बांधून, धमनीतला आकडा घेतल्यावर लगेच मोजले, तरी फरक तसाच राहिला. वरच्या दाबात 46 चे आणि खालच्या दाबात 34 चे अंतर होते.

या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळल्या. लाट बोथट झाली तरी सरासरी दाब फारसा बदलत नाही, म्हणून सरासरी पाहिली. धमनीत ती 92 होती आणि कफच्या आकड्यांवरून काढलेली सुमारे 129. एवढा फरक नळीतल्या दोषाने पडत नाही. दुसरी गोष्ट अशी की मनगटातला वरचा दाब दंडातल्या दाबापेक्षा सहसा थोडा जास्तच असतो. म्हणजे दंडातला खरा दाब 146 किंवा त्याहून कमी असणार होता, जास्त नव्हे. कफची चूक आपण फुगवून सांगत नव्हतो.

खरा निर्णय मात्र पुढच्या मोजणीने झाला. आजींना आधार देऊन उभे केले आणि दाबमापक पुन्हा हृदयाच्या पातळीवर आणला. तिसऱ्या मिनिटाला धमनीतला दाब 108/56 झाला आणि त्या म्हणाल्या, “आता तसंच होतंय, खाली बसवा.” त्या क्षणी कफवर 168/92 होते. बाह्यरुग्ण विभागात उभे करून मोजले असते तरी हाच 168 दिसला असता, आणि अजून दाब बराच आहे असे समजून चक्करेचे कारण कानात किंवा मानेत शोधले गेले असते.

नळी चोवीस तास ठेवली. त्या काळात बोटाला लावून सतत दाब मोजणारे यंत्रही जोडले, कारण धमनीतली नळी घरी नेता येत नाही आणि पुढे कशावर विसंबायचे हा प्रश्न होताच. मधुमेहात बोटांच्या धमन्यांतही कॅल्शियम साचू शकते, त्यामुळे ते यंत्र आधी ताडून पाहणे आवश्यक होते. या रुग्णात त्याचा वरचा दाब नळीच्या आकड्यापासून 8 पेक्षा जास्त ढळला नाही.

औषधांबद्दलचे निर्णय

चारही औषधे एकदम थांबवण्याची सूचना चर्चेत आली होती, पण ती मान्य झाली नाही. क्लोनिडिन एकाएकी बंद केले तर दाब उसळतो, आणि तो उसळलेला दाब खरा असतो. म्हणून ते आधी रात्रीच्या एका मात्रेवर आणले आणि आठवडाभरात थांबवले. क्लोरथॅलिडोन कमी सोडियममुळे त्याच दिवशी बंद झाले. टेल्मिसार्टन क्रिएटिनिन सुधारेपर्यंत थांबवले. अॅम्लोडिपिन 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणले.

अॅम्लोडिपिनही सोडावे का, यावर मतभेद होता. चार औषधांवर असताना धमनीत 146 होते, याचा अर्थ औषधांशिवाय दाब याहून वर जाणार. आजींना उच्च रक्तदाब नव्हताच, असा निष्कर्ष या मोजणीतून निघत नव्हता. तो कफने दाखवल्यापेक्षा कितीतरी सौम्य होता आणि त्यावर गरजेहून खूप जास्त उपचार होत होते, एवढेच निघत होते. त्यामुळे एक औषध कमी मात्रेत ठेवले. उताण्या स्थितीत बोटावरचा वरचा दाब 150 पर्यंत चालेल, पण उभे राहिल्यावर तो 120 च्या खाली जाऊ नये, अशी या रुग्णापुरती मर्यादा ठरवली.

परिणाम

सहा आठवड्यांनी बोटावरचा दाब झोपून 148/70 आणि उभ्याने 132/66 होता. कफवर त्याच दिवशी 196/100 होते. क्रिएटिनिन 1.1 आणि सोडियम 136 झाले होते. आजी पुन्हा पडल्या नव्हत्या आणि घरात आधाराशिवाय फिरत होत्या. क्रिएटिनिन सुधारल्यावर टेल्मिसार्टन परत सुरू करावे का याचा विचार झाला. लघवीत अल्ब्युमिन नसल्याने आणि दाब मर्यादेत असल्याने ते दिले नाही.

मुलीला सर्वांत कठीण गेले ते वहीतल्या 196 कडे पाहून काही न करणे. तिला धमनीतला आणि कफवरचा आकडा शेजारी लिहून दिला. घरी दंडावर रोज दाब मोजणे बंद करायला सांगितले. त्याऐवजी उठताना काय वाटते, चालताना तोल जातो का आणि वजन किती, एवढेच लिहायचे ठरले. कफच्या आकड्यातून सरळ 46 वजा करून खरा दाब काढता येईल का, असे तिने विचारले होते. तसे करता येत नाही. हा फरक दाबाच्या पातळीप्रमाणे आणि धमनीच्या स्थितीप्रमाणे बदलतो. आजींचाच उभ्याने मोजलेला फरक 60 होता.

काही महिन्यांनी दातांच्या उपचारांपूर्वी दुसरीकडे दाब मोजला गेला आणि 198 दिसताच तातडीने दाब उतरवणारी गोळी देण्याची तयारी झाली. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: दंडावरचा कफ या रुग्णात खरा दाब खूप जास्त दाखवतो, केवळ आकड्यावरून औषध देऊ नये, छातीत दुखणे, धाप, वाणी किंवा हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे असतील तर मात्र नेहमीप्रमाणे तातडीने उपचार करावेत. ती नोंद वाचून गोळी दिली गेली नाही.

वेगळे काय करता आले असते

तिसऱ्या औषधानंतरही आकडा जागचा हलत नाही, हे दिसले तेव्हाच इको करणे शक्य होते. औषधांना दाद न देणाऱ्या उच्च रक्तदाबात आपण रुग्ण गोळ्या घेतो का, मीठ किती खातो, मूत्रपिंडाची धमनी अरुंद आहे का, अशी कारणे शोधतो; आकडाच बरोबर आहे का हा प्रश्न यादीत उशिरा येतो. डाव्या कप्प्याची भिंत सामान्य आहे हे दोन वर्षांपूर्वी कळले असते, तर क्लोनिडिनपर्यंत गोष्ट गेली नसती.

लक्षणांची वेळ आणि गोळ्यांची वेळ यांची सांगड वहीत उघड होती, पण बाह्यरुग्ण विभागात फक्त आकड्यांचा रकाना वाचला जात होता. गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने आणि उभे राहिल्यावर होणारी चक्कर ही खरा दाब घसरल्याची खूण मानून, कफ काहीही म्हणो, एक औषध कमी करून पाहणे तेव्हाही सुरक्षित होते. तसे केले असते तर कदाचित धमनीत नळी घालायची वेळच आली नसती. मात्र तसे करताना क्लोनिडिनसारखे औषध पहिले निवडून चालले नसते.

थेट मोजणीचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, पण चोवीस तासांचा कालावधी कमी करता आला असता. उताणे, बसून आणि उभ्याने घेतलेली मोजमापे आणि बोटावरच्या यंत्राशी तुलना सहा-सात तासांत पूर्ण झाली होती. त्यानंतरच्या तासांत निर्णय बदलेल असे काहीच मिळाले नाही, आणि कॅल्शियमने कडक झालेल्या धमनीत नळी जितकी कमी वेळ राहील तितके बरे.